दिवाळी फराळाच्या 56 पोस्टचे वेळापत्रक : पुनरुक्ती, उद्देश आणि वेळ तपासून हवी आहे

कांदालसूण_सातारा

आमचा घरगुती व्यवसाय आहे. वर्षभर कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात वाळवण आणि दिवाळीत फराळ असे आमचे काम चालते. मी, सासूबाई आणि मदतीला दोन ताई, एवढेच मनुष्यबळ आहे. इन्स्टाग्रामवर 1,400 अनुयायी आहेत, तरी ऑर्डर मात्र जवळजवळ सर्व व्हॉट्सॲपवर येतात.

यंदा (2026) माझ्या पुतण्याने 14 सप्टेंबर, म्हणजे गणेश चतुर्थी, ते 8 नोव्हेंबर, म्हणजे लक्ष्मीपूजन, अशा बरोबर आठ आठवड्यांचे वेळापत्रक तयार केले आहे. रोज एक याप्रमाणे 56 पोस्ट आहेत आणि सर्वांची वेळ सकाळी 10 ही आहे. त्यांत पदार्थाचा फोटो आणि ‘ऑर्डरसाठी संपर्क करा’ अशा 24, सणांच्या व दिनविशेषांच्या शुभेच्छा 17, सुविचार आणि आरोग्यविषयक माहिती 9, पाककृतीच्या रील 4 आणि ग्राहकांचे अभिप्राय 2 आहेत. ‘उद्देश’ नावाचा एक रकानाही आहे. त्यात 31 ठिकाणी ‘ब्रँड अवेअरनेस’, 19 ठिकाणी ‘एंगेजमेंट’ आणि 6 ठिकाणी ‘सेल्स’ असे लिहिले आहे.

पुतण्याने मनापासून मेहनत घेतली आहे, म्हणून त्याला काही सांगण्यापूर्वी मला स्वतःला नीट समजून घ्यायचे आहे. वाचताना सगळे एकसारखेच वाटते, पण नेमके काय चुकते आहे ते सांगता येत नाही.

छापखाना

दिनदर्शिका छापायची असेल, तर पितृपक्षाच्या आत मजकूर अंतिम करून द्यावा, कारण त्यानंतर आमच्याकडे कामाची रीघ लागते. 56 पाने मात्र फार होतात. बारा पाने, वर आपल्या पदार्थांचे फोटो आणि खाली तिथी एवढे पुरेसे आहे. ग्राहकाच्या भिंतीवर वर्षभर नाव राहते, हा फायदा वेगळाच.

कांदालसूण_सातारा

दादा, ही छापायची दिनदर्शिका नाही. कोणत्या दिवशी इन्स्टाग्रामवर काय टाकायचे, त्याचा हा तक्ता आहे. तरी छपाईबद्दल नंतर आपल्याला जरूर विचारेन.

डिजिटल_दादा

रोज पोस्ट टाकण्याचा निर्णय योग्य आहे, कारण खंड पडला की पोहोच कमी होते. फक्त वेळ बदलून रात्री 9 करा, कारण त्या वेळी सर्वाधिक लोक फोनवर असतात. दुसरे म्हणजे प्रत्येक पोस्टच्या मजकुरात व्हॉट्सॲपचा दुवा द्या, म्हणजे वाचणारा थेट ऑर्डर देईल. शुभेच्छांच्या पोस्ट कमी करून रील वाढवा. एवढे केले तरी वेळापत्रक चांगले होईल.

जमाखर्च

मी नाशकात लहान व्यावसायिकांच्या जाहिरातींचे काम बरीच वर्षे करतो आहे. पोस्ट तपासण्याआधी मला व्यवसायाबद्दल चार गोष्टी कळायला हव्यात, कारण त्यांच्याशिवाय कोणती पोस्ट चांगली आणि कोणती वाईट हे ठरवायला मोजमापच नाही. गेल्या वर्षी एकूण किती किलो फराळ गेला? किती ऑर्डर नाकाराव्या लागल्या, आणि त्या केव्हा? आपल्या स्वयंपाकघरातून दिवसाला जास्तीत जास्त किती माल निघतो? आणि सकाळी 10 वाजता आपल्याकडे फोन कोणाच्या हातात असतो?

कांदालसूण_सातारा

गेल्या वर्षी 165 किलो गेला. साधारण 40 किलोच्या ऑर्डर नाकारल्या आणि त्या सगळ्या शेवटच्या सहा दिवसांतल्या होत्या. त्याआधीच्या आठवड्यात मदतनीस ताईंना दोन दिवस कामच नव्हते. दिवसाला 15 किलोपेक्षा अधिक माल चांगला निघत नाही. सकाळी 10 वाजता कढई चढलेली असते, त्यामुळे फोन कोणाच्याच हातात नसतो आणि उत्तरे चारनंतर दिली जातात.

जमाखर्च

मग आपली खरी अडचण ओळख वाढवण्याची नाहीच. आपल्याकडे ऑर्डर येतात, पण त्या चुकीच्या आठवड्यात येतात. ‘ब्रँड अवेअरनेस’ हा उद्देश 31 ओळींत लिहिला आहे. तो पूर्ण साधला, तर शेवटच्या सहा दिवसांत 40 ऐवजी 80 किलोला नकार द्यावा लागेल.

उद्देश कढईपासून उलट मोजून काढावा. 21 ऑक्टोबर ते 5 नोव्हेंबर हे सोळा दिवस होतात. दोन दिवस सुटीचे धरले, तर 14 दिवस गुणिले 15 किलो, म्हणजे 210 किलो माल होतो. हा माल 70 किलोच्या तीन खेपांत वाटावा : पहिली खेप 26 ऑक्टोबरला, दुसरी 31 ऑक्टोबरला आणि तिसरी 5 नोव्हेंबरला घरपोच. चकली, शेव, शंकरपाळे पहिल्या खेपेत सहज चालतात आणि लवकर मऊ पडणारा चिवडा शेवटच्या खेपेत ठेवता येतो. आता या आठ आठवड्यांचा उद्देश एका वाक्यात लिहिता येतो : ‘दसऱ्यापर्यंत, म्हणजे 20 ऑक्टोबरपर्यंत, 105 किलोची नोंदणी निम्म्या आगाऊ रकमेसह झाली पाहिजे.’ हे वाक्य तक्त्याच्या माथ्यावर लिहा आणि ‘उद्देश’ हा रकाना काढून त्याऐवजी ‘वाचणाऱ्याने काय करावे’ आणि ‘ते आपण कुठे मोजणार’ असे दोन रकाने करा. ज्या ओळीत हे दोन रकाने भरता येणार नाहीत, ती ओळ कशासाठी आहे हे पुतण्याला विचारा. काही ओळींना चांगले उत्तर मिळेल, सर्वच काढाव्या लागतील असे नाही.

आता तारखा. ‘नोंदणी बंद होण्यास शेवटचे दोन दिवस’ अशा आशयाची पोस्ट तक्त्यात कुठे आहे, ते पाहून सांगाल का?

कांदालसूण_सातारा

पाहिले आणि कपाळावर हात मारला. ती पोस्ट 12 ऑक्टोबरला आहे. त्यानंतरही अनेक ठिकाणी ‘आजच ऑर्डर करा’ आहेच. पुतण्याला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की गेल्या वर्षीचा तक्ता घेऊन त्याने फक्त सणांच्या ओळी नव्या तारखांवर हलवल्या आणि बाकीच्या होत्या तिथेच ठेवल्या. परदेशी पार्सलची पोस्ट गेल्या वर्षी नव्हती. ती त्याने नव्याने लिहून 29 ऑक्टोबरला टाकली आहे.

तिथीवार

हे नेहमी होते. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते आणि यंदा ते 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे 18 दिवसांचा फरक पडला. यंदा ज्येष्ठ अधिक आला, म्हणून पुढचे सगळे सण लांबले. इंग्रजी तारखेने तक्ता उतरवला की हा घोटाळा ठरलेलाच. फराळाचा तक्ता तारखेने न ठेवता ‘लक्ष्मीपूजनापूर्वी 30 दिवस’, ‘23 दिवस’ असा ठेवावा आणि दर वर्षी पंचांग पाहून तारीख शेवटी लिहावी.

आणखी एक गोष्ट लक्षात आणून देतो. 27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर पितृपक्ष आहे. त्या पंधरवड्यात फराळाची नोंदणी सुरू करणे अनेक घरांत रुचणार नाही.

लेस्टरकर

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते. आम्ही इथे इंग्लंडमध्ये दर वर्षी भारतातून फराळ मागवतो. 29 ऑक्टोबरला ‘परदेशी पाठवतो’ ही पोस्ट पाहून मला काहीही करता येणार नाही, कारण तोपर्यंत आमची ऑर्डर दुसरीकडे देऊन झालेली असते. फराळ एक नोव्हेंबरच्या सुमारास घरात आला पाहिजे, म्हणजे शनिवार-रविवारी मित्रमंडळींत वाटता येतो. मी विचारपूस गणपतीतच सुरू करते, कारण त्या दिवसांत आईशी बोलताना हा विषय हमखास निघतो.

आणि कृपया भावाबरोबर पोचण्याचा दिवस लिहावा. ‘जगभर पाठवतो’ या शब्दांवरून काहीच कळत नाही. तूप आणि दूध असलेल्या पदार्थांबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, म्हणून कोणते पदार्थ पाठवता येतील, हेही आधीच सांगितलेले बरे.

जमाखर्च

लेस्टरकर ताईंनी फार उपयुक्त माहिती दिली. त्यांच्या तारखेवरून उलट मोजू. माल 1 नोव्हेंबरपर्यंत घरात हवा. कुरिअरवाले किती कामाचे दिवस सांगतात?

कांदालसूण_सातारा

सहा ते आठ. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका बाईंचे पार्सल सीमाशुल्क तपासणीत तीन दिवस अडकले होते.

जमाखर्च

म्हणजे सुट्या धरून 12-13 दिवस हाताशी ठेवावेत. पार्सल 19 ऑक्टोबरला, सोमवारी, निघाले पाहिजे. पदार्थ 15 ते 17 दरम्यान तळायचे आणि 18 ला भरायचे. सामान आणायला दोन दिवस धरले, तर परदेशी नोंदणी 12 ऑक्टोबरला बंद झाली पाहिजे. गंमत पाहा, पुतण्याची ‘शेवटचे दोन दिवस’ ही पोस्ट सातारकरांसाठी पूर्ण चुकीच्या दिवशी आहे, पण लेस्टरकरांसाठी जवळजवळ बरोबर जागी येऊन बसली आहे! तिच्यात ‘परदेशी’ हा शब्द घालून ती 10 तारखेला आणा. 29 ऑक्टोबरची पोस्ट मात्र 16 सप्टेंबरच्या आठवड्यात न्यावी लागेल.

पितृपक्षाबद्दल तिथीवार यांचे म्हणणे काही घरांपुरते खरे आहे, पण परदेशी नोंदणीचे दिवस नेमके त्याच पंधरवड्यात येतात आणि ते हलवता येत नाहीत. मी स्वतः त्या दिवसांत नोंदणी चालू ठेवीन. फक्त सणाची सजावट, दिवे, रांगोळी असलेले फोटो न टाकता साधी माहिती देईन.

तिथीवार

दिवे न दाखवता फराळ विकला, तरी तो फराळच. माझ्या मते गणपतीच्या दिवसांत, अनंत चतुर्दशीच्या आत म्हणजे 25 सप्टेंबरपर्यंत, नोंदणी पूर्ण करून घ्यावी आणि मधले पंधरा दिवस शांत राहावे.

डिजिटल_दादा

पंधरा दिवस शांत राहिलात, तर पोहोच संपली म्हणून समजा. आणि रात्री 9 चे काय? त्यावर कोणी बोललेच नाही.

जमाखर्च

रील आणि शुभेच्छांबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. दुव्याबद्दल नाही, कारण इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरात दिलेला दुवा दाबून उघडत नाही. वाचणाऱ्याला तो हाताने टिपावा लागतो आणि तेवढे कष्ट कोणी घेत नाही. दुवा प्रोफाइलमध्ये आणि स्टोरीवरच्या दुव्याच्या स्टिकरमध्ये द्यावा. व्हॉट्सॲपच्या दुव्यात आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो, हे इथे कामी येईल. परदेशी आणि स्थानिक ग्राहकांसाठी दोन वेगळे दुवे करा :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=FARAL-PARDESH
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=FARAL-KHEP1
```

एक्सांच्या जागी आपला क्रमांक येईल. संदेश याच शब्दाने सुरू झाला, की तो कोणत्या दुव्यावरून आला ते न विचारता कळते. मग व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये त्या संभाषणाला तसे लेबल लावावे.

घड्याळातल्या वेळेबद्दल सांगायचे तर पोस्ट टाकल्याच्या क्रमानेच सर्वांना दिसते असे नाही. सकाळची पोस्ट अनेकांना संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशीही दिसते, म्हणून 9 की साडेआठ यावर मी फार वेळ घालवणार नाही. सकाळी 10 ची वेळ मला नको आहे ती दुसऱ्या कारणाने. पोस्ट पाहून लगेच विचारणाऱ्याला सहा तास उत्तर मिळत नाही आणि तोवर तो दुसऱ्याला विचारतो. कढई उतरल्यावर, फोन जवळ घेऊन एखादा तास बसता येईल, अशी वेळ निवडा. आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे इंग्लंडमध्ये दुपारचे चार होतात. 25 ऑक्टोबरला तिथली घड्याळे तासभर मागे जातात, पण तोपर्यंत आपली परदेशी नोंदणी बंद झालेली असेल. स्टोरी मात्र 24 तासांत जाते, त्यामुळे मुदतीची स्टोरी मुदतीच्या आदल्या संध्याकाळीच टाकावी.

रोपवाटिका

आमचा रोपांचा व्यवसाय आहे आणि आम्ही रोज सकाळी सातला ‘आज काय फुलले’ असा एकच फोटो टाकतो. चार वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही आणि लोक त्याची वाट पाहतात. तेव्हा पुनरुक्ती वाईटच असते, असे मला वाटत नाही. आमचा मजकूरसुद्धा रोज सारखाच असतो.

जमाखर्च

आपला मजकूर सारखा असला, तरी फूल रोज वेगळे असते, म्हणजे पाहणाऱ्याला रोज नवी बातमी मिळते. फराळाच्या 24 फोटोंत ती बातमी आहे का, हे तपासायला हवे. कांदालसूण ताई, एक छोटे काम करा. त्या 24 ओळींतील तारीख आणि फोटोचा रकाना झाकून मजकुराचे केवळ पहिले वाक्य सलग वाचा. मग गेल्या दिवाळीतील व्हॉट्सॲपची संभाषणे उघडून ग्राहकांनी प्रत्यक्ष काय विचारले, ते एका कागदावर लिहा.

कांदालसूण_सातारा

दोन रात्री बसून केले. 24 पैकी 19 पोस्ट ‘घरगुती चवीचा अस्सल’ या शब्दांनी सुरू होतात. फक्त पुढे चकली, चिवडा, लाडू एवढेच बदलते.

संभाषणे 118 सापडली. त्यांतील 46 जणांनी ‘किती दिवस टिकेल’ असे विचारले आहे. 31 जणांना एका किलोत किती नग बसतात, हे हवे होते. 22 जणांनी तेल कोणते आणि तेच तेल पुन्हा वापरता का, असे विचारले. 14 जणांना प्रत्येकी पाव किलोचे मिश्र खोके हवे होते आणि मी सगळ्यांना नाही म्हटले होते. उरलेल्यांनी फक्त भाव विचारला. या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर 56 पोस्टमध्ये कुठेही नाही, हे पाहून मला वाईट वाटले आणि थोडे हसूही आले.

जमाखर्च

हाच आपला नवा तक्ता आहे. विषय पुन्हा येण्यात दोष नाही, कारण कोणतीही एक पोस्ट सर्व अनुयायांपर्यंत जात नाही. नोंदणीची आठवण तर चार-पाच वेळा द्यावीच लागेल. दोष आहे तो तेच वाक्य आणि तेच ‘अस्सल’ पुन्हा येण्यात. एका चकलीच्या चार पोस्ट होऊ शकतात : तराजूवर किलोभर चकली मोजून दाखवणे, तळल्याची तारीख लिहिलेला डबा पंधराव्या दिवशी उघडून ती मोडून दाखवणे, भाजणी दळून येते तो दिवस, आणि तेलाचा डबा फोडताना. पहिल्या दोन पोस्ट मिळून 77 जणांच्या प्रश्नांना उत्तर देतात. डबा उघडण्याच्या पोस्टसाठी मात्र चकली आत्ताच तळून ठेवावी लागेल.

नोंदणीची आठवणही प्रत्येक वेळी नवी करता येते. ‘पहिल्या खेपेचे 70 किलो, त्यांतील 42 नोंदले गेले’ असे लिहिले, की पुढच्या आठवड्यात आकडा आपोआप बदलतो. आकडा खरा असला पाहिजे. 15 नोंदले असतील, तर 15 लिहावे किंवा लिहूच नये.

त्या 9 आरोग्यविषयक पोस्टमध्ये काय आहे?

कांदालसूण_सातारा

‘मेथीचे फायदे’, ‘सकाळी कोमट पाणी’ वगैरे. एका पोस्टमध्ये आमचे नाचणीचे लाडू मधुमेहींसाठी गुणकारी असल्याचे लिहिले आहे.

जमाखर्च

ती पोस्ट आजच काढून टाका. खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत आजारावर गुण येतो असा दावा करणे अन्नसुरक्षेच्या नियमांत बसत नाही, आणि अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक तुमच्या वेष्टनावर छापलेला असतो. बाकीच्या आठ पोस्ट धोक्याच्या नाहीत, पण कोमट पाण्याबद्दल वाचून कोणी शंकरपाळे मागवणार नाही.

लेस्टरकर

मिश्र खोक्यांना नाही म्हणू नका. इथे आम्ही दोघेच असतो. एक किलो चकली संपेपर्यंत नाताळ येतो.

कांदालसूण_सातारा

पुतण्याशी बोलले. सुरुवातीला तो थोडा नाराज झाला, कारण रोज एक पोस्ट करायची असे त्याने कुठेतरी शिकले होते. मात्र 118 संभाषणांची यादी दाखवल्यावर त्यानेच तक्ता 56 वरून 30 ओळींवर आणला. पहिल्या दोन आठवड्यांत परदेशी नोंदणी, मिश्र खोके आणि किलोत किती नग, एवढेच आहे. पितृपक्षात आठवड्याला दोनच पोस्ट ठेवल्या आहेत. त्यांत नोंदणी चालू आहे, पण दिवे नाहीत. सासूबाईंना तेही फारसे पटलेले नाही. घटस्थापनेपासून, म्हणजे 11 ऑक्टोबरपासून, पहिल्या खेपेची नोंदणी सुरू होईल.

शुभेच्छा 17 वरून 4 वर आल्या, त्यावरून मात्र घरात मतभेद आहेत. सासूबाईंचे म्हणणे आहे की जुनी गिऱ्हाइके त्या शुभेच्छांना उत्तर देतात आणि त्यातून बोलणे सुरू होते.

जमाखर्च

सासूबाईंचे म्हणणे झटकून टाकू नका. शुभेच्छेला कोणी उत्तर दिले आणि त्यांतील किती जणांनी पुढे माल घेतला, हे जुन्या संभाषणांतच दिसेल. तसे आढळले, तर त्या शुभेच्छा इन्स्टाग्रामऐवजी व्हॉट्सॲपवर जुन्या ग्राहकांना पाठवाव्यात. फक्त ज्यांनी आपला क्रमांक साठवून ठेवला आहे, त्यांनाच प्रसारण यादीतला संदेश मिळतो, हे लक्षात ठेवावे.

एक मर्यादा मात्र सांगून ठेवतो. 1,400 अनुयायी आणि आठवड्याला पाच-सहा ऑर्डर, एवढ्या लहान आकड्यांवर ‘ही पोस्ट चालली, ती चालली नाही’ असे ठरवू नका. एखाद्या घरातले लग्न निघाले, तरी त्या आठवड्याचा आकडा दुप्पट होतो. 20 ऑक्टोबरला 105 किलो झाले की नाही, तेवढे पाहा. झाले नसतील, तर तिसऱ्या खेपेत नवीन नोंदणी किती घ्यायची, हे त्या दिवशी ठरवता येईल.

डिजिटल_दादा

30 पोस्ट कमीच आहेत, असे माझे मत कायम आहे. हंगाम संपल्यावर आकडे इथे टाका, मग बोलू.

कांदालसूण_सातारा

टाकीन. आज सकाळी दोन किलो चकली तळून, तारीख लिहून डब्यात ठेवली आहे. सासूबाईंनी विचारले की पंधरा दिवस या डब्याला कोणी हात लावायचा नाही, हे पोरांना कोण सांगणार.

छापखाना

तळल्याची तारीख लिहायच्या चिठ्ठ्या आमच्याकडे छापून मिळतील. तेल लागले तरी शाई पसरत नाही. 500 पासून पुढे कितीही.